कोणीतरी आलंय, त्यांना बसायला सांगा

इंग्रजीतलं एक साधं वाक्य घ्या: 'समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला.' कार्यक्रम संपला, सभागृह रिकामं झालं, खुर्चीखाली एक छत्री सापडली. ती पुरुषाची की बाईची, कोणालाच ठाऊक नाही. इंग्रजीने 'देअर' म्हटलं आणि प्रश्न मिटवला. हेच वाक्य मराठीत आणताना मात्र बऱ्याचदा असं काहीतरी होतं: 'कोणीतरी त्याची/तिची छत्री विसरला/विसरली आहे.' एका ओळीत दोन तिरप्या रेघा, चार पर्याय, आणि वाचणाऱ्यांनी कुठला धरायचा ते त्यांचं त्यांनी बघावं. त्याच सभागृहात खुर्च्या आवरणाऱ्या मावशी "कोणाची तरी छत्री राहिलीये बघा" म्हणून पुढच्या रांगेकडे वळलेल्या असतात. त्यांच्या वाक्यात पुरुष नाही, बाई नाही, आणि कसलीही ओढाताण नाही.

माझं म्हणणं असं आहे की व्यक्ती एक, पण लिंग अज्ञात, अशा वेळी काय बोलायचं याची सोय मराठीत आधीपासून आहे. ती बोलण्यात रोज वापरली जाते, लिहिताना मात्र आपण ती विसरतो. अर्ज, सूचना, बातम्या, मोबाइलवरचे संदेश, अनुवादित कथा या सगळ्यांत 'तो/ती' घुसला आहे तो या विसरण्यामुळे.

आधी इंग्रजीबद्दल थोडं, कारण आपल्याकडे एका माणसासाठी 'दे' हे अनेकवचनी सर्वनाम वापरणं म्हणजे अलीकडचं फॅड समजलं जातं. इंग्रजी लिखाणात हा प्रयोग १४ व्या शतकापासून सापडतो. चॉसर, शेक्सपिअर, जेन ऑस्टिन यांच्या लेखनात तो आहे. १८ व्या शतकातल्या व्याकरणकारांनी तो चूक ठरवला. १७९५ साली निघालेलं लिंडली मरे यांचं व्याकरण शाळांतून फार चाललं, आणि त्यात अशी वाक्यं दुरुस्त करून तिथे पुल्लिंगी सर्वनाम बसवायचा धडा होता. १८५० साली ब्रिटिश संसदेने तर कायदाच केला, की कायद्यात पुल्लिंगी शब्द आला तर त्यात स्त्रियाही धराव्यात. बोलणाऱ्यांनी काही 'दे' सोडलं नाही. शेवटी पुस्तकांनाच लोकांच्या मागे जावं लागलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१७ साली मर्यादित मुभा दिली, आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने आपल्या लेखनपुस्तिकेच्या २०१९ च्या आवृत्तीत तो प्रयोग वापरा असं स्पष्ट सांगितलं.

इंग्रजीला हे सोपं गेलं, कारण तिथे लिंग जवळजवळ फक्त सर्वनामात राहतं. क्रियापदाला त्याचा पत्ता नसतो, विशेषणालाही नाही. 'ही'च्या जागी 'दे' ठेवलं की काम झालं. आपल्यासारख्या भाषांत लिंग वाक्यभर पसरलेलं असतं. फेसबुकला २००८ साली याचा अनुभव आला. ज्यांनी स्वतःचं लिंग नोंदवलेलं नसे त्यांच्याबद्दल ती साइट 'देमसेल्फ' असं छापायची. साइट इतर भाषांत न्यायला घेतल्यावर भाषांतर करणाऱ्यांकडून तक्रारी आल्या, की लिंग कळल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. कंपनीने तेव्हा लोकांनाच लिंग निवडायचा आग्रह केला. पुढे २०१४ साली 'दे' हा पर्यायही दिला, पण तो इंग्रजीपुरता सोपा होता.

आता मराठीकडे. दारावर थाप पडली तर आपण म्हणतो, "कोणीतरी दार वाजवतंय." वाजवतोय नाही, वाजवतेय नाही. "कोण आलंय?" "घरी कोणी नव्हतं." "कोणी उठलं नाही अजून." माणूस अज्ञात असला की मराठी आपसूक नपुंसकलिंगात जाते. नपुंसकलिंग हे फक्त घर, झाड, पुस्तक यांच्यासाठी आहे असं शाळेत डोक्यात बसतं, पण माणसांच्या बाबतीतही ते कायम कामाला येतं. नवरा-बायको मिळून 'दोघं' होतात. दोघे पुरुष, दोघी बायका, आणि मिश्र असतील तर दोघं. मुलगे आणि मुली मिळून 'मुलं', आणि ती 'आली'. लिंग मिश्र असो वा अज्ञात असो, नपुंसकलिंग हा मराठीचा आपला उपाय आहे.

हा उपाय अर्धाच आहे. नपुंसकलिंग कर्त्याच्या जागी वेगळं दिसतं, पण विभक्ती लागली की ते पुल्लिंगासारखं होतं. 'तो' आणि 'ते' वेगळे, पण दोघांचं 'त्याला', 'त्याने', 'त्याचं' एकच. म्हणजे "कोणीतरी आलंय, त्याला बसायला सांग" असं म्हटलं की पहिल्या अर्ध्यात लिंग नाही आणि दुसऱ्या अर्ध्यात ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुरुष उभा राहतो.

उरलेला अर्धा भाग अनेकवचन भरून काढतं. कर्त्याच्या जागी अनेकवचनात 'ते' आणि 'त्या' वेगळे आहेत, पण विभक्ती लागली की सगळे एक होतात: त्यांना, त्यांनी, त्यांचं, त्यांच्याकडे. इथे लिंगाचा मागमूस नाही. म्हणजे जिथे एकवचनी नपुंसकलिंग कमी पडतं, नेमकं तिथेच आदरार्थी अनेकवचन उपयोगी पडतं. "कोणीतरी आलंय, त्यांना बसायला सांग." हे वाक्य कुठल्याही मराठी घरात ऐकू येईल. एकवचनाने सुरुवात, अनेकवचनाने पुढचा उल्लेख, आणि माणूस एकच. इंग्रजीतलं 'समवन' आणि 'देअर' यांचं नातं अगदी असंच आहे. कोणी शिकवलं नाही, कुठून घेतलं नाही, मराठीने स्वतःच्या वाटेने हे केलं.

क्रियापदाचीही बरीच मदत होते. भविष्यकाळात 'येईल', 'येतील' यांना लिंग नाही. वर्तमानातल्या 'येतात', 'सांगतात' यांना नाही. सकर्मक भूतकाळात 'विसरणे'सारखे अपवाद सोडले तर क्रियापद कर्माकडे बघतं, कर्त्याकडे नाही: 'त्यांनी फोन केला', 'त्यांनी चिठ्ठी दिली', यात फोन आणि चिठ्ठीचं लिंग कळतं, माणसाचं नाही. शिवाय मराठीत सर्वनाम गाळता येतं. "उद्या येतील, पैसे देतील, पावती घेऊन जातील" हे पूर्ण वाक्य आहे. क्रियापदाची सगळ्यात मोठी अडचण उरते ती अकर्मक भूतकाळात. आले-आल्या, गेले-गेल्या, पळाला-पळाली. तिथे कर्ता समोर येतो आणि लिंग सांगावंच लागतं.

हिंदीची गोष्ट उलटी आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण जाहिराती आणि सरकारी मजकूर पुष्कळदा हिंदीतून मराठीत येतो. हिंदीत सर्वनामाला लिंग नाही. 'वह', 'उसे', 'उसने' कोणालाही चालतात. 'उसका छाता' यातलं 'का' छत्रीसाठी आहे, मालकासाठी नाही. पण हिंदीचं क्रियापद बोलतं: आया-आई, आता है-आती है, आएगा-आएगी. आपल्याकडे मोकळा असलेला भविष्यकाळसुद्धा तिथे लिंगाने बांधलेला आहे. आणि नपुंसकलिंग हिंदीत उरलेलंच नसल्यामुळे दारावर थाप पडली की 'कोई आया है' असं पुल्लिंगीच म्हणावं लागतं. म्हणून हिंदीत काम करणाऱ्यांना क्रियापदाकडे लक्ष ठेवावं लागतं: 'ने'चा भूतकाळ शोधायचा, 'उसे जाना पड़ा' अशी रचना घ्यायची, 'हो सकता है वह कल आए' असा संभाव्य अर्थ वापरायचा. हिंदीतलं असं नेटकं, लिंग न सांगणारं 'उसने फ़ोन किया' मराठीत शब्दाला शब्द ठेवून 'त्याने फोन केला' झालं, की जो पुरुष मुळात नव्हता तो भाषांतरात जन्माला येतो. हिंदीवरून केलेल्या मराठी मजकुरात ही चूक मी इतकी पाहिली आहे, की 'त्याने' दिसलं की मूळ वाक्य तपासायची सवयच लागली आहे.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते एका उताऱ्यावर दाखवणं बरं. रहस्यकथा यासाठी उत्तम, कारण तिथे लिंग फुटलं तर कथाच फुटते. समजा, इंग्रजीत तपास अधिकारी म्हणतात, की काल रात्री जे आत आले त्यांना घर माहीत होतं, त्यांनी दिवा लावला नाही, कपाट किल्लीने उघडलं, कागद घेतले आणि ते मागच्या दाराने गेले; ते एकटे होते, आणि ते परत येतील, कारण त्यांचा चष्मा टेबलावर राहिला आहे. मुळात प्रत्येक ठिकाणी 'दे' किंवा 'देअर' आहे आणि संशयितांत बायकाही आहेत, पुरुषही आहेत. 'दे'ला 'ते' लावून केलेलं वरचं भाषांतर पाहा: 'ते गेले', 'ते एकटे होते' इथे पुरुष ठरला, आणि वर एका माणसाची टोळी झाल्यासारखं वाटतं.

माझ्या मते ते मराठीत असं यावं: "काल रात्री जे कोणी आत शिरलं, त्यांना या घराची खडान्‌खडा माहिती होती. दिवा लावलेला नाही. कपाट फोडलेलं नाही, किल्लीने उघडलंय. कागद उचलले आणि मागच्या दाराने पाय काढला. सोबत दुसरं कोणी नव्हतं. चष्मा टेबलावर राहिलाय, म्हणजे परत यावं लागणार."

यात काय काय केलंय ते बघा. पहिल्या वाक्यात 'जे कोणी शिरलं' हा नपुंसकलिंगी कर्ता आणि 'त्यांना' ही लिंग न सांगणारी विभक्ती, दोन्ही शेजारी आहेत. दिव्याच्या आणि कपाटाच्या वाक्यांत माणूसच नाही, त्याच्या कृतीच्या खुणा आहेत. तपास करणारी माणसं तशीच बोलतात. 'गेले' हे अडचणीचं अकर्मक क्रियापद टाळून 'पाय काढला' आणलं. काढला तो पाय, आणि पाय पुल्लिंगी असतो, मग तो कोणाचाही असो. 'एकटा' या विशेषणातून लिंग फुटलं असतं, म्हणून 'सोबत दुसरं कोणी नव्हतं'. 'परत येतील' चाललं असतं, पण 'परत यावं लागणार' यात एक की अनेक हा प्रश्नही उरत नाही.

अशा मजकुरात लिंग कुठे फुटतं ते शोधायची एक रीत आहे. सर्वनामं सगळेच तपासतात. पण घात होतो तो विशेषणांत आणि धातुसाधितांत: एकटा, घाबरलेला, दमलेली, बसलेला, ओळखीची. एवढ्या जागा खुणा करून तपासल्या आणि मग मजकूर कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवला, की पुरे. ऐकणाऱ्यांना विचारायचं, डोळ्यांसमोर कोण आलं? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पुरुषच आला, तर कुठेतरी 'त्याला' राहून गेलाय.

हिंदीत याच उताऱ्याचं पहिलं वाक्य शब्दशः केलं तर 'जो भी अंदर घुसा' असं पुल्लिंगी होईल. पण आत शिरण्याऐवजी दार उघडलं म्हटलं की 'जिसने भी कल रात यह दरवाज़ा खोला, उसे घर की पूरी जानकारी थी' असं स्वच्छ वाक्य मिळतं. इथे हिंदी आपल्यापेक्षा सरस आहे हे मान्य केलं पाहिजे. 'जिसने' एकवचनी आहे आणि तरी मोकळा आहे. आपल्या 'ज्याने'ला ती सवलत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जुना: 'तो' म्हटलं की त्यात सगळे आलेच, एवढा घोळ कशाला? कायदा असंच म्हणतो हे खरं. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमात पुल्लिंगी सर्वनाम पुरुष आणि स्त्री दोघांसाठी आहे असं सांगितलं होतं, आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत त्याच व्याख्येत ट्रान्सजेंडर व्यक्तीही आल्या आहेत. पण कायद्याला व्याख्येचं कलम असतं. ते वाचून मग पुढचं वाचायचं, असा करार असतो. बातमीला, दवाखान्यातल्या सूचनेला, कथेला असं कलम नसतं. पोलिसांच्या भाषेत रात्रीच्या घरफोडीचा गुन्हा 'अज्ञात इसमाविरुद्ध' दाखल होतो. कोणी पाहिलेलं नसतं, तरी 'इसम' हा शब्द पुरुष ठरवून टाकतो. दुसऱ्या दिवशी तीच बातमी 'अज्ञात व्यक्तीने' अशी सुरू होते आणि दोन ओळींनंतर 'तो पसार झाला' अशी संपते. व्यक्ती स्त्रीलिंगी शब्द, तो पुल्लिंगी. व्याकरणही गेलं आणि अज्ञातपणही गेलं.

'व्यक्ती' या शब्दाबद्दल मला जास्त आपुलकी आहे. प्रथमोपचाराच्या फलकावर "व्यक्ती बेशुद्ध असेल तर तिचा श्वास चालू आहे का ते पाहा" हे शुद्ध आणि सुंदर मराठी आहे. इथलं 'तिचा' बाईबद्दल नाही, शब्दाबद्दल आहे, आणि ते कोणालाही कळतं. फक्त अट एक: 'व्यक्ती' हा शब्द जवळ असला पाहिजे. पाच वाक्यांनंतर नुसतं 'तिने' आलं तर वाचणाऱ्यांना बाईच दिसेल. म्हणून हा शब्द सूचनेला बरा, गोष्टीला नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे. 'त्यांना' यात आदर आहे, मग चोराला 'त्यांना' कसं म्हणायचं? जिथे माणूस पुरता अज्ञात आहे तिथे 'जे कोणी... त्यांना' यातला आदर जवळजवळ जाणवत नाही, अनेकवचनाची शक्यता पुढे येते. पण पाच परिच्छेद चोराला 'त्यांनी' म्हणत राहिलं तर पाहुण्यासारखं वाटू लागतं. तिथे सर्वनाम गाळणं आणि खुणांनी बोलणं हाच मार्ग. लहान मुलाबद्दलही 'त्यांना' चालत नाही, पण तिथे 'मूल', 'बाळ', 'लेकरू' आहेत. मोठ्या, ओळखीच्या माणसासाठी मात्र नुसतं नपुंसकलिंग कधीही वापरू नये. 'ते येडं', 'ते पोरगं' यात माया असते किंवा तुच्छता असते, तटस्थपणा नसतो. गोव्याच्या कोकणीत तरुण मुलीबद्दल सरळ 'चेडूं आयलें' असं नपुंसकलिंगात बोलतात, तिथे ते रोजचं आहे. पण तोच प्रयोग मराठी कानाला वय लहान करणारा वाटतो. म्हणून नपुंसकलिंग 'कोणी'च्या सोबत ठेवावं, नावाच्या सोबत नाही.

आणि जी व्यक्ती समोर आहे, जिला आपण पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही असं वाटतं, तिच्यासाठी काय? तो वेगळा प्रश्न आहे. तिथे लिंग अज्ञात नाही, सांगितलेलं आहे. त्या व्यक्तीला विचारावं आणि सांगेल तसं बोलावं. अज्ञातासाठीचा उपाय तिच्यावर लादू नये. नवं सर्वनाम घडवायचं असेल तर ते त्या लोकांनी घडवावं. छत्री कोणाची राहिली ते सांगायला नवं सर्वनाम लागत नाही.

दवाखान्यात "डॉक्टर आले का?" असं विचारलं जातं. नव्याने रुजू झालेले डॉक्टर कोण आहेत हे माहीत नसतानाही 'आले' येतंच. अकर्मक भूतकाळ, ओळखीचं पद, कर्ता समोर, 'कोणी' वापरायची सोय नाही. इथे कुठलंही रूप मोकळं नाही. मग वाक्य फिरवायचं. "डॉक्टर आहेत का?" "डॉक्टर कधी येतील?" "डॉक्टरांना यायला उशीर झालाय का?" तिन्ही वाक्यं बाकड्यावर बसलेली माणसं रोज बोलतात. दवाखान्याच्या फलकावर आणि मोबाइलवर येणाऱ्या संदेशात 'डॉक्टर आला/आली आहे' असं छापण्यापेक्षा 'डॉक्टर आता उपलब्ध आहेत' असं छापायला एक अक्षरही अवघड नाही, आणि ते बदलायचं काम ज्यांच्या टेबलावर आहे, त्यांनी ते या आठवड्यात करावं.